वर्षभराचा रिचार्ज

आमच्या नानांना कुठलीही गोष्ट सरळ नाही म्हणता येत नाही. सासरे आहेत, वयानं आणि मानानं मोठे आहेत, म्हणून मी हे घरातल्या घरातच बोलते. जेवायला वाढलेली भाजी आवडली नाही, तर ते म्हणणार, "आज भूक कमी आहे." लग्नाला जायचं नसलं, की नेमका त्याच दिवशी गुडघा धरणार. त्यामुळे दिल्लीच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल, उशीर करू नका, असं सांगितलं, तेव्हापासून नाना कुठली पळवाट शोधतात याकडे मी डोळ्यात तेल घालून बघत होते.

पळवाटा भरपूर निघाल्या. आधी पितृपक्ष होता. मग दिवाळी. मग म्हणे थंडीत दिल्लीची हवा वाईट. शेवटी इस्पितळानंच एक तारीख दिली आणि सांगितलं, सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर ती दुसऱ्या पेशंटला जाईल, पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. इकडे जिना चढताना नानांना मध्येच थांबावं लागायचं. थांबले की भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्यासारखं करायचे.

शंतनु, माझा नवरा, नोकरीनिमित्त इंदूरला असतो. नानांचा मोबाइल तोच तिथून आपल्या ॲपवरून रिचार्ज करतो. नानांचा नेहमीचा आग्रह अठ्ठावीस दिवसांच्या प्लॅनचा. "पुढचं कोणी पाहिलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागचा रिचार्ज तर त्यांनी परस्पर स्वतःच करून घेतला होता, ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, बाजारात फिरायला गेले होते तेव्हा. तोही अठ्ठावीसचाच. या वेळी मात्र शुक्रवारी संध्याकाळी शंतनुचा फोन आला.

"नाना, या वेळी पूर्ण वर्षाचा टाकलाय. अब साल भर की छुट्टी. ऑपरेशन करून या आणि वर्षभर बोलत बसा."

मला त्याचं कौतुक वाटलं. आमच्या घरात मायेचं बोलायला कोणी धजत नाही; रिचार्जमधून का होईना, तो बोलला. नानांनी फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पण प्लॅन काही चालू झाला नाही. शंतनुच्या खात्यातून पैसे गेले, बँकेचा मेसेज आला, आणि ॲपवर मात्र 'प्रोसेसिंग' असं लिहिलेलं. शनिवारी सकाळीही तेच. रात्री नानांचा जुना प्लॅन संपला आणि त्यांचे बाहेर जाणारे फोन बंद झाले.

माझा स्वभाव थांबण्यातला नाही. मी शंतनुला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, "मी इथून दुसरा मारून टाकते, हे गेलं खड्ड्यात."

"अजिबात नको," तो म्हणाला. "मी ॲपवाल्यांशी चॅट केलं. बँकेकडून पैसे त्यांना पोचलेत. त्यांनी कंपनीकडे रिक्वेस्ट पाठवलीय, कंपनीचं उत्तर यायचंय. हो आलं तर प्लॅन चालू, नाही आलं तर पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत. मधल्या वेळात दुसरा टाकला आणि दोन्ही लागले, तर दुसरा रांगेत बसतो. आणि लागलेला रिचार्ज कंपनी सहसा परत घेत नाही."

"म्हणजे आपण हातावर हात ठेवून बसायचं?"

"ते म्हणतात, अठ्ठेचाळीस तासांत नक्की होईल. तक्रार नंबर दिलाय."

हे सगळं नाना पलंगावर बसून ऐकत होते. मला वाटलं होतं, त्रासतील. त्यांना संध्याकाळी चार लोकांना फोन केल्याशिवाय जेवण जात नाही. पण ते अगदी शांत होते. आणि मग त्यांनी ते काढलं.

"सीमंतिनी, एक सांगू? हा कौलच समज."

आमचं घराणं मूळचं कोकणातल्या एका देवीच्या पुजाऱ्यांचं. ग्वाल्हेरला येऊन कित्येक पिढ्या झाल्या, पण कौल लावण्याची रीत बरोबर आली ती टिकली. देव्हाऱ्यातल्या देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मुलीचं स्थळ असो की जमिनीचा सौदा, लोक अजूनही नानांकडे येतात, आणि नाना आंघोळ करून, सोवळं नेसून कौल लावतात. उत्तर मनासारखं नसलं तरी ते बदलून सांगत नाहीत. एकदा स्वतःच्या भावाला नाही सांगितलं होतं, भाऊ वर्षभर बोलला नाही.

"कंपनीनं हो म्हटलं, वर्षाचा प्लॅन लागला, तर मी दिल्लीला येतो," नाना म्हणाले. "पैसे परत आले, तर समजायचं देवीच्या मनात नाही. मग तू आणि शंतनु, दोघांनी माझ्या मागे लागायचं नाही. कबूल?"

मी हसले. मोबाइल कंपनी कधीपासून देवी झाली, असं विचारलं. पण त्यांचा चेहरा बघून हसू ओसरलं. ते खरंच विचारत होते. आणि मला, सांगायला लाज कसली, त्या क्षणी आशा वाटली. इतके दिवस ते हो म्हणायलाच तयार नव्हते. आता निदान अर्धं हो तरी होतं. मी कबूल म्हटलं.

मग रविवार गेला तो त्या रिचार्जकडे डोळे लावून. मी पोळ्या लाटताना शंतनुला फोनवर विचारायची, आलं का उत्तर? संध्याकाळी माधवगंजच्या देवळात गेले, तर देवापुढे हात जोडून मी चक्क रिचार्जसाठी प्रार्थना केली. देवानं मनात काय म्हटलं असेल कोण जाणे. नाना मात्र मजेत होते. भूक चांगली होती, दोनदा खीर मागितली. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सोमवारी सकाळीही 'प्रोसेसिंग'च. नाना आंघोळीला गेले आणि मी त्यांचाच फोन उचलला. बाकी काही लागत नसलं तरी कंपनीचा तक्रारीचा नंबर, एकशे अठ्ठ्याण्णव, फुकट लागतो. म्हटलं, ॲपवाले ॲपवाल्यांचं करतील, आपण थेट कंपनीलाच धरू.

पलीकडून स्वागताचं रेकॉर्डिंग सुरू झालं. नाव दुसऱ्याच कंपनीचं. मला वाटलं चुकीचं लागलं. कापून पुन्हा लावला. पुन्हा तेच नाव. थांबून थांबून शेवटी एका मुलीशी बोलणं झालं.

"मैडम, ये नंबर तो पिछले महीने पोर्ट होकर हमारे यहाँ आया है," ती म्हणाली. "आपने रिचार्ज किस कंपनी में डाला?"

मी जुन्या कंपनीचं नाव सांगितलं.

"तो हमारे पास कैसे आएगा? ऐप में पुराना ऑपरेटर सेव होगा. ऐप वालों को बता दीजिए कि नंबर पोर्ट हो चुका है. वहाँ से फेल होगा और पैसा लौट आएगा. फिर सही कंपनी चुनकर डालिए, तुरंत लग जाएगा."

सिमकार्ड आपल्या पायांनी चालत दुसऱ्या कंपनीत जात नाही. त्यासाठी मेसेज पाठवून कोड घ्यावा लागतो, आधार आणि फोटो द्यावा लागतो, नवं सिम घालावं लागतं. महिन्याभरापूर्वी महाराज बाड्यावर छत्री टाकून सिम विकणाऱ्या पोरांकडून नाना एक स्टीलची बाटली घेऊन आले होते. फुकट मिळाली म्हणाले होते.

शंतनुला कळवलं. त्यानं ॲपवाल्यांना लिहिलं, आणि नानांचं गंधाक्षत होईपर्यंत त्याच्याकडे मेसेज आला: रिचार्ज अयशस्वी, रक्कम परत पाठवली आहे, बँकेत दिसायला थोडा वेळ लागेल.

नाना बाहेर आले. मी म्हटलं, "पैसे परत आले."

"डावा कौल," ते म्हणाले. हळू आवाजात, पण खांदे एकदम सैल झाले. "तिची इच्छा. आता विषय बंद."

"नाना, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? नंबर तर तुम्ही कधीचा दुसऱ्या कंपनीत नेलाय, आणि शंतनुला सांगितलं नाहीत. पैसे परतच येणार, हे तुम्हाला शुक्रवारपासून ठाऊक होतं."

मला राग आला होता, खूप आला होता. आम्ही दोघं तीन दिवस टांगलेले, आणि हे खीर खात होते. मी म्हटलं, "कौलच लावायचा होता, तर देवी काय दूर होती? हा देव्हारा. फुलं मी आणते. चला, लावा."

"नको," नाना पटकन म्हणाले.

"का नको?"

"तिच्यापुढे खोटं करता येत नाही मला." त्यांनी पलंगाची कड धरली आणि बसले. "आणि उजवा आला असता तर?"

माझा राग तिथेच निवला. सत्तरी ओलांडलेला माणूस, लोकांच्या आयुष्यातले हो-नाही सांगत आलेला, आणि स्वतःच्या प्रश्नावर एका टेलिफोन कंपनीच्या आड लपला होता. मी त्यांच्याजवळ बसले. आमच्याकडे सून सासऱ्याच्या शेजारी पलंगावर बसत नाही. त्या दिवशी बसले.

"भीती वाटते का?"

"वाटते," नाना म्हणाले. "झोपवतील, छाती उघडतील. परत जाग येईल याची काय गॅरंटी? शंतनु वर्षभराचा प्लॅन टाकतो म्हणाला ना, तेव्हा जास्तच वाटली."

"मग हे एवढंच सांगायचं ना. आम्ही कोण परके आहोत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही धीर दिला असता. धीराचा कंटाळा आलाय मला."

मी धीर दिला नाही. मलाही भीती वाटते, एवढंच सांगितलं. आणि खरंच वाटत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे त्यांना नवीनच होतं.

थोड्या वेळानं त्यांनी फोन माझ्यापुढे केला. "सही कंपनीत टाक. किती दिवसांचा ते तू बघ."

मी माझ्या मोबाइलवरून नवी कंपनी निवडली आणि वर्षाचा टाकला. या वेळी मेसेज लगेच आला, प्लॅन चालू झाल्याचा. मी नानांच्या फोनवरून इस्पितळाचा नंबर लावायला गेले, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. पलीकडे कोणीतरी उचलल्यावर ताठ बसले.

"मैं ग्वालियर से गुरुप्रसाद बोल रहा हूँ. वाल्व वाला पेशंट. हाँ, तारीख पक्की कर दीजिए." मग जरा थांबले. पलीकडची बाई फोन ठेवण्याच्या बेतात असावी, कारण नाना घाईनं म्हणाले, "और सुनिए, वो जो फाइल है ना मेरी, उसमें एक बात लिख लीजिए. पेशंट को डर लगता है."