थांबवलेलं घड्याळ

लेक घरच्या सराव परीक्षांत दर वेळी ऐंशीच्या वर, आणि खऱ्या भरती परीक्षेत सलग दुसऱ्यांदा आडवी. शिंप्याला हे कोडं काही सुटेना. कपडा उसवला तर कुठला टाका सैल पडला ते तो एका नजरेत सांगे. इथे मात्र अक्कल गहाण पडली होती. वयाच्या अटीमुळे लेकीला आता एकच संधी उरली होती, म्हणून दुकान बंद ठेवून तो तिच्यासोबत क्लासच्या सरांकडे गेला.

सरांनी तिची परीक्षेतली उत्तरं तपासली. "शेवटचे प्रश्न घाईत ठोकलेस. चुकले, वर गुणही कापले गेले. घरी असं होतं का?"

"नाही सर. घरी वेळ उरतो."

"घड्याळ कोण लावतं?"

"बाबा."

"मी अधूनमधून थांबवायचो," शिंपी पुटपुटला. "गिऱ्हाईक आलं की. ती कपाळ चोळायला लागली की. सरावाला ती दुकानातच बसते, आणि दुकान माझं गजबजलेलं, त्यात पोरीचा काय दोष?"

लेक बापाकडे बघतच राहिली.

"हिला येतं सगळं," सर म्हणाले. "अडलेला प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, कारण तशी वेळच कधी आली नाही. आता दर वेळी नवी कोरी प्रश्नपत्रिका, परीक्षेच्याच वेळेला, सलग. आधी येणारे प्रश्न, अडला की खूण करून पुढे, उरलेल्या वेळात मागे. आणि आभाळ कोसळलं तरी घड्याळ थांबवायचं नाही."

परत आल्यावर दुकानाचं कुलूप काढताना ती म्हणाली, "बाबा, मला वाटत होतं मी हुशार आहे."

आहेसच गं, असं त्याला म्हणायचं होतं. पण आपल्या शब्दावर तिनं आता का विश्वास ठेवावा, असं वाटून त्याची जीभ उचलेना. मायेपोटी त्यानं पोरीची दोन वर्षं मातीत घातली होती, आणि ते त्याला आतून कुरतडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापड बेतायच्या टेबलाशी बसली. बाहेर गाड्यांचा गोंगाट, दारात गिऱ्हाईक. शिंप्यानं घड्याळ लावलं आणि गिऱ्हाइकाला हातानंच थांबायला सांगितलं.

अर्ध्यावर ती अडली. पुढे जाईना, पेन्सिल तिथेच घुटमळत राहिली. कपाळाकडे हात गेला, डोळे भरले आणि सवयीनं तिनं वर बापाकडे पाहिलं. ही दोन वर्षं ती अशी बघायची, आणि तिच्या नकळत तो बटण दाबायचा.

शिंप्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"वेळ चालू आहे, बाळ," तो म्हणाला. घड्याळाला त्यानं हात लावला नाही.

तिनं प्रश्नापुढे खूण केली आणि पान उलटलं.