दीडचा भोंगा

भिंगारच्या छावणीत केशरबाईंचं केसांचं दुकान होतं. त्या दिवशी तमाशातल्या बनुबाईच्या कपाळावरच्या बटांना ब्लीच फासून झालं, तेवढ्यात साहेबांच्या बंगल्यावरून निरोप आला. केशरबाई निघाल्या. जाताना मनकर्णाला म्हणाल्या, "एक वाजलाय. पुडीवर अर्धा तास लिहिलाय, त्याच्या वर एक मिनिट न्हाई. कारखान्याचा दीडचा भोंगा झाला की धू. तवर घडीघडीला एक बट बघत राहा."

भिंतीवरचं घड्याळ महिनाभर दुरुस्तीला पडलेलं. दोन महिन्यांची शिकाऊ मनकर्णा नुसती येरझाऱ्या घालत होती.

तिनं एका बारीक बटेवरचा लेप ओल्या कापसानं पुसला, बट टॉवेलनं टिपली आणि दारातल्या उजेडात धरून बघितली. ओल्या केसाचा रंग फसवतो, हे केशरबाईंनी शंभरदा घोकवून घेतलं होतं. बट तांबूस. मग दोन बोटांत धरून हलकेच ओढली. ती लांबली आणि परत जागेवर आली. म्हणजे केसात अजून जीव होता. बरं वाटलं. तिनं बटेवर लेप परत सारखा केला.

पण भोंगा काही होईना. दुसऱ्यांदा बघितलं तर नारिंगी. तिसऱ्यांदाही नारिंगीच.

बनुबाईला परवा संगमनेरच्या जत्रेतल्या खेळात गोरी मेम व्हायचं होतं. सोनेरी केसांवर सुपारी ठरलेली. ती म्हणाली, "राहू दे की अजून. भोंगा कुटं झालाय?"

घाईनं धुतलं तर बनुबाईचं काम जाणार, नाही धुतलं तर काय, ते मनकर्णाला ठाऊक नव्हतं. तिनं चौथ्यांदा तीच बट पुसून ओढली. या वेळी ती लांबत गेली, लांबत गेली, आणि परत आलीच नाही. भिजलेल्या शेवयीगत मऊ पडली होती.

पुढं तिनं कुणाला विचारलं नाही. बनुबाईचं डोकं मोरीवर वाकवलं आणि कोमट पाण्याचे तांबे ओतत सुटली. बनुबाईनं वाटेल तसं तोंड सोडलं.

आवाज ऐकून शेजारचा भिमाजी शिंपी डोकावला. मनकर्णानं आधी वेळ विचारली.

"एक पस्तीस," तो घड्याळ बघून म्हणाला. "भोंगा कसला बघतीस? आज कारखान्याला सुट्टी हाय."

मनकर्णानं बनुबाईच्या डोक्याला गुंडाळलेला टॉवेल उलगडला. तपासलेली ती बट मुळापासून बोटभर अंतरावर तुटून टॉवेलातच राहिली होती. बाकीच्या बटा मात्र जागेवर होत्या, नारिंगी आणि धड.

बनुबाईनं तुटलेली बट उचलून रुमालात बांधली, उरलेल्या केसांवरून हळूच हात फिरवला.

"संगमनेरला सांगते," ती म्हणाली, "औंदाची मेम नारिंगी हाय. टकली तर न्हाई."