भैयाकडे पडलेली कामं

मालक शिवनारायण शेठजींचा पोरगा अर्पितभैया पुण्याहून शिकून आला आणि जालन्याच्या बियाणं कारखान्यात त्यानं पहिलं काय केलं, तर कामं नोंदवायचं नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं. ट्रॅकर म्हणे! ऑफिसातल्या प्रियदर्शनीनं कारखान्याची सगळी कामं वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवरच्या एका शीटमध्ये सांभाळली होती. "ती गोधडी फेकून द्या," असं म्हणाला हा शहाणा. गोधडी! स्वतःला दोन ओळी धड भरता येत न्हाईत, आणि तोंड बघा केवढं.

पण यंदा प्रश्न निव्वळ शीटचा नव्हता. मक्याचा एक लॉट नीट न वाळल्यानं उगवणीत नापास झाला होता. ड्रायरचा बर्नर बिघडलेला, आणि वेळेवर बदलला न्हाई कोणी? सोमवारच्या बैठकीत शिवनारायण शेठजी नव्या ट्रॅकरवर बघून ठरवणार होते. कारखानाभर बोलणं होतं, की ड्रायरवाला कल्याणराव आता घरी जाणार.

"ताई, मी तर बर्नर मागून मागून थकलो," कल्याणराव म्हणाला. "मंजुरी आलीच न्हाई. आता माझंच नाव पुढं करून राह्यले."

खोटं बोलत नव्हता. पण त्या कारखान्याची रीतच अशी, की शेठजींच्या पोराचं नाव कामाचा धनी, म्हणजे काम ज्याच्यावर आहे तो, म्हणून लिहायचं न्हाई. बरं दिसत न्हाई ना! धनी म्हणून नाव कल्याणरावचंच, आणि काम अर्पितच्या मंजुरीसाठी अडलं, की स्थितीच्या रकान्यात लिहायचं, 'भैयाकडे', आणि तेच तारखेसकट कोपऱ्यातल्या टिपेतही. लिहिणाऱ्याला कळायचं, वाचणाऱ्यालाही. ट्रॅकरला काय कप्पाळ कळणार?

प्रियदर्शनीनं आधी शीटची नक्कल काढली, मूळ शीट कुलूपबंद केली. हिरवा रंग म्हणजे झालेलं काम, पण फाइल बाहेर काढताना रंग गळून पडतो, म्हणून रंगाच्या जागी शब्द भरले. कोपऱ्यातल्या टिपाही गळतात, त्या तारखांसकट वेगळ्या रकान्यात घेतल्या, म्हणजे प्रत्येक कामाखाली जुना इतिहास शेरा म्हणून उतरेल. मग थोड्या ओळी ट्रॅकरवर चाचणीला चढवून पाहिल्या. तारखांमध्ये दिवस-महिना उलटला होता, तो सरळ केला.

राहिल्या स्थिती आणि माणसं.

"तीनच स्थिती ठेवा," अर्पितनं फर्मावलं. "करायचंय, चालू, झालं. 'भैयाकडे' म्हणजे चालू."

"मंग ते कल्याणरावनं लटकवल्यासारखं दिसेल," प्रियदर्शनी म्हणाली. " 'मंजुरीसाठी थांबलंय' अशी चौथी स्थिती करू, आणि धनी तुम्ही."

"माझं नाव? मॅडम, मी कामं देतो, घेत न्हाई." वर ऐट अशी, की जणू कारखाना यानंच उभारला! "आणि ट्रॅकरवर कारखान्यातल्या लोकांची खाती काढू नका. फुकटचा खर्चा. ऑफिसची बास."

"खातं नसलेल्या माणसाचं काम, जो फाइल चढवतो त्याच्या नावावर पडतं. चाचणीत तसंच झालं, माझ्या नावावर पडली. ही सेटिंग बदलू की..."

"असू द्या हो. फाइल मीच चढवणार. पापांना दाखवायचंय."

प्रियदर्शनीनं एकदा सांगितलं होतं. या माणसाला दुसऱ्यांदा सांगायला तिची जीभ रेटली न्हाई.

सोमवारी सगळ्यांसमोर त्यानं छाती काढून बटण दाबलं. पडद्यावर उशीर झालेल्या कामांची यादी उघडली. वरपासून खालपर्यंत कारखान्याची सगळी कामं, आणि प्रत्येकापुढं नाव एकच, अर्पित.

शेठजींनी चष्मा सावरला. "हे काय?"

"सिस्टीमची चूक आहे, पापा! ही कामं कल्याणची आहेत. मॅडमनी गोंधळ केला."

कल्याणराव दारापाशी उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं. शेठजींनी प्रियदर्शनीकडं पाहिलं.

"बरोबर आहे, शेठजी, बरीचशी कामं कल्याणरावांचीच. खातं काढलं, की मी त्यांच्या नावावर टाकते," ती म्हणाली. "पण ज्यांच्याखाली 'भैयाकडे' असा शेरा आहे, ती आहेत तिथंच बराबर आहेत. बर्नरचं काम उघडून बघा."

शेठजींनी उघडलं. तारखेमागून तारीख, शेऱ्यामागून शेरा. भैयाकडे. भैयाकडे. आठवण केली, भैयाकडे. मका नापास झाला त्या दिवशीही, भैयाकडे.

शेठजी पोराकडं न बघता म्हणाले, "कल्याणराव, तुम्ही जा, ड्रायर बघा. नव्या बर्नरची ऑर्डर आजच निघेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "अर्पित, मंजुरी दे. आत्ता, इथंच."

अर्पितनं माऊस हातात घेतला. पडद्यावर वर गेला, खाली आला, डावीकडं गेला. लालबुंद होऊन त्यानं प्रियदर्शनीकडं मान वळवली.

"मॅडम... कुठं दाबायचं?"