दोन फरशा अलीकडे

बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासत होते. ते म्हणाले, "गाडी खिडकीच्या अलीकडेच थांबतेय. एकदा येऊन बघ."

गाडी म्हणजे आईची गाडी. गेल्या उन्हाळ्यात आईच्या पाठीच्या मणक्यांपर्यंत आजार पोचला आणि चाकाची खुर्ची तिला सोसेना. ढकलणारा कितीही हलक्या हाताचा असो, थांबताना झटका बसायचाच, आणि त्या झटक्याने ती दात आवळून डोळे मिटायची. बाबांनी उभा जन्म ब्रेकच्या चाचणीशाळेत काढला होता. त्यांनी दोन महिने खपून घरातच रूळ टाकले. आमच्या झोपण्याच्या खोलीची जमीन बैठकीपेक्षा अर्ध्या पायरीने उंच आहे. त्या उंचवट्यावरून एक छोटा उतार, त्यापुढे बैठकीतून थेट खिडकीपर्यंत सपाट रूळ. सपाट भागात रुळांच्या मधोमध ॲल्युमिनियमची उभी पट्टी, आणि गाडीच्या पोटाला त्या पट्टीच्या दोन्ही अंगांनी बसवलेली चुंबकं. चुंबक पट्टीला शिवत नाही, पण गाडी चालू लागली की पट्टीत वीज फिरते आणि गाडीला मागे ओढते. वेग जास्त तर ओढ जास्त, वेग कमी तर ओढ कमी. त्यामुळे झटका नाही. गाडी उतारावरून सुटायची, हळूहळू मंदावायची आणि खिडकीशी बाबांनी रंगवलेल्या पिवळ्या रेघेवर अलगद विसावायची.

"लग्नात वरातीला घोडा नव्हता तुमच्याकडे," आई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "आता आगगाडी आणलीत."

"उशीर झाला, पण आणली ना?" बाबा म्हणाले होते.

मी पोचले तेव्हा दुपार होती. आई झोपली होती. पांघरुणाखाली तिचा आकार शोधावा लागत होता. मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि बैठकीत आले. बाबा रुळाशी मांडी घालून बसले होते.

"उद्या डॉक्टरांकडे न्यायचंय," ते आवाज खाली घेऊन म्हणाले. "पुढचे डोस द्यायचे की नाही ते उद्या ठरेल. वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं असेल तर देणार नाहीत. शरीराला झेपणार नाहीत म्हणे."

"आणि दिले नाहीत तर?"

ते रुळावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"शेवटचं वजन कधी केलं होतं?"

"गाडी केली तेव्हा. छप्पन्न होती. त्यानंतर ती काट्यावर उभीच कुठे राहू शकलीय?" मग एकदम विषय बदलून म्हणाले, "ते राहू दे. गाडीचं बघ. आधी दहा फरशा जायची, रेघेपर्यंत. आता आठवर थांबते. कालही, परवाही."

आमच्या बैठकीच्या फरशा फूटभर लांबीच्या आहेत. रूळ त्यांना समांतर असल्यामुळे मोजायला पट्टी लागत नाही.

आई उठल्यावर तिला गाडीत बसवलं. मी फोनवरचं घड्याळ चालू करून उभी राहिले. गाडी सुटली, मंदावली, आणखी मंदावली. थांबली असं वाटून मी बटण दाबलं, तर चाक अजून केसभर फिरत होतं.

"ही कधी थांबते तेच कळत नाही," मी वैतागून म्हणाले.

"माझ्या सासूबाई घरी यायच्या तेव्हा जायला निघताना अशाच करायच्या," बाबा म्हणाले.

"माझ्या आईला मध्ये आणू नका," आई गाडीतून म्हणाली. मग खिडकीकडे पाहून, "अहो, आज त्या झाडाचा शेंडाच दिसतोय. खाली ती मुलं खेळतात ती दिसत नाहीत."

"थांब, सरकतेय अजून," बाबा म्हणाले.

पण ती सरकत नव्हती. आम्ही तिला हाताने, मुंगीच्या पावलांनी, रेघेपर्यंत नेलं. तरीही तिने कठडा घट्ट धरला होता.

तासाभराने ती पुन्हा झोपली तेव्हा बाबांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. "घड्याळ बाजूला ठेव. वेळेच्या हिशोबाने ही गाडी कधीच थांबत नाही. वेग कमी होतो तशी ओढही कमी होते, शेपूट लांबतच जातं. गाडीला किती वाजले विचारू नकोस. कुठे आहेस ते विचार."

हे वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणते. ते माझं नाही, त्यांचं आहे, हे मी विसरून गेले होते. मी सोळा वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी मला समजावलं होतं. त्वरण म्हणजे वेळेगणिक वेग किती बदलतो ते. पण वेळ हाताशी नसेल तर वाट बदलायची. पावलागणिक वेग किती बदलतो ते बघायचं आणि त्याला वेगानेच गुणायचं, कारण वेग म्हणजेच वेळेगणिक पडणारी पावलं. व्ही डीव्ही बाय डीएक्स. त्वरण तेच, फक्त वेळ त्यातून निघून जातो.

बाबांनी चाकाला सायकलचा वेगमापक लावलेला होताच. आईला घेऊन आलेल्या फेरीचं त्यांनी स्वतःच्या फोनवर चित्रणही केलं होतं. मी ते थांबवत थांबवत प्रत्येक फरशीच्या सांध्यावरचा आकडा खडूने त्याच फरशीवर लिहीत गेले. आकडे एका सरळ रेषेत उतरत होते. प्रत्येक फरशीला वेग सारखाच घटत होता.

तसंच व्हायला हवं. ओढ वेगाच्या प्रमाणात, म्हणून मी फरशीवर लिहिलं:

v · dv/dx = −(c/m) · v

दोन्ही बाजूंचा v गेला. राहिलं ते इतकंच, की दर पावलाला वेग c भागिले m इतका घटतो. वेळ अनंत लागला तरी अंतर अनंत नाही. गाडी एका ठरलेल्या ठिकाणापलीकडे जाऊच शकत नाही, आणि ते ठिकाण म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले m, भागिले c. बेअरिंगच्या घर्षणामुळे ती त्याच्याही वीतभर आधी टेकते, पण ते दरवेळचंच.

"उताराच्या पायथ्याशी वेग किती येतोय?" मी विचारलं.

"पूर्वीइतकाच. उताराचा वेग उंचीवर ठरतो. बसणारा हलका की जड, त्याला काय त्याचं."

म्हणजे उतार ठीक, आणि आकडे सरळ रेषेत होते म्हणून बेअरिंगही ठीक. उरलं c, चुंबकाची पकड.

"चुंबकं जुनी झाली असतील."

"जुन्या चुंबकाची पकड ढिली होते. गाडी रेघेच्या पुढे गेली असती. अलीकडे कशी थांबेल?"

"फट कमी झाली असेल. चुंबक पट्टीच्या जवळ आलं असेल."

"मोजली. कागदाइतकाही फरक नाही."

"मग थंडी. थंडीत ॲल्युमिनियममधून वीज जास्त वाहते, पकड वाढते."

"वाढते. पण त्याने चार बोटं अलीकडे थांबेल. दोन फरशा नाही."

ते मला एकेक दार लावून दाखवत होते, आणि मी पुढचं दार ठोठावत होते. मग माझा हात फरशीवर थांबला. समीकरणात एकच अक्षर उरलं होतं. m, म्हणजे वजन. दहा फरशांच्या आठ झाल्या असतील तर m सुद्धा दहाला आठ याच प्रमाणात उतरलं पाहिजे. गाडी आणि आई मिळून पूर्वी ऐंशी किलो. आता चौसष्ट. त्यातले चोवीस गाडीचे.

मी उरलेला आकडा लिहिला नाही.

"चाळीस," बाबा म्हणाले.

मी वर पाहिलं.

"न्हाणीघरात बघून ये."

न्हाणीघरात भिंतीला लागून पाण्याच्या कॅन ओळीने उभ्या होत्या. काही भरलेल्या, काही अर्ध्या. खाली ओल्या वर्तुळांचे ठसे. बाबांनी बैठकीतूनच सांगितलं: काल आई झोपलेली असताना त्यांनी गाडीत छप्पन्न लिटर पाणी भरून ती सोडली होती आणि ती थेट पिवळ्या रेघेवर गेली होती. मग ते पाणी काढत गेले, गाडी सोडत गेले. गाडी आठव्या फरशीवर थांबली तेव्हा चाळीस लिटर उरलं होतं.

मी परत येऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं. मग मला कशाला बोलावलंत?"

"सगळा जन्म दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढल्या," ते म्हणाले. "आपली चूक आपल्याला दिसत नाही. म्हटलं, तू हुशार आहेस. तुला सापडेल."

मी सगळं पुन्हा पाहिलं. खरंच पाहिलं. उणे चिन्ह, फरशीची लांबी, गाडीचं वजन. मी एका ओळीवर बोट ठेवलं की बाबा पुढे वाकायचे, माझ्या आधी श्वास रोखायचे. चूक नव्हती.

"नाही सापडत, बाबा."

"हं," ते म्हणाले. त्यांनी हाताच्या पंज्याने एक फरशी पुसली. मग दुसरी. नुसता पांढरा फराटा झाला.

"पुसू नका हो," आतून आई म्हणाली. "इतकी वर्षं बायकोला पुसायला लावलंत आणि आता ती उठत नाही तर स्वतः घाण करता."

दार पुरतं लागलेलं नव्हतं.

"चिमे, इकडे ये," ती म्हणाली.

मी तिच्या उशाशी गेले. तिने गाऊनची कड माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला, काखेपासून कमरेपर्यंत, दोन्हीकडे टाचण्या लावलेल्या होत्या. "गळून पडायला लागला होता, म्हणून महिनाभर आत आत घेतेय. लोकांचे कपडे शिवण्यात बोटं झिजली माझी. माप मला कळत नाही का? आकडा तेवढा माहीत नव्हता." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "त्यांना वाटत होतं मला कळू नये. मला वाटत होतं त्यांना कळू नये. तू मध्ये उगाच दमलीस."

बाबा दारात उभे होते. आत येत नव्हते.

"अहो, असे पाहुण्यासारखे काय उभे? उद्याचं उद्या. मला आत्ता खिडकीशी जायचंय."

"अगं, आत्ताच तर जाऊन आलीस."

"आले ती शेंडा बघून. मला खालची मुलं बघायचीत. आणि हाताने ढकलायचं नाही. दुखतं."

बाबा न्हाणीघरात गेले. दोन कॅन घेऊन आले, आठ आठ लिटरच्या, काठोकाठ भरलेल्या. गाडीच्या पाय ठेवायच्या फळीवर आईच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना त्यांनी त्या ठेवल्या आणि हलू नयेत म्हणून तिची शाल मधून गुंडाळली.

"हे काय, माझ्या वाटचं वजन आता पाणी भरणार?"

"सोळा लिटर. तेवढंच लागतं," बाबा म्हणाले. "उद्या काट्यावर मात्र..."

"तिथे कॅन नका आणू. डॉक्टर हसतील."

त्यांनी चाक अडवणारी खिटी काढली. गाडी उतारावरून सुटली आणि खडूच्या आकड्यांवरून मंदावत गेली. सहावी फरशी, सातवी. आठवीवर मी माझ्याही नकळत पाऊल पुढे टाकलं. बाबांनी माझं मनगट धरलं.

कॅनमधलं पाणी जरासुद्धा हिंदकळलं नाही. आईचे हात मांडीवर मोकळे होते. नवव्या फरशीवर चाक फिरतंय की नाही ते सांगता येईना.

"पोचले का?" आईने मागे न वळता विचारलं.

"थांब," बाबा म्हणाले. "सरकतेय अजून."