शेणानं सारवलेलं खोक्याचं घर

सन एकोणीसशे त्रेसष्ट. मुळशीतल्या पौडच्या बाजारात हैबतरावाचं किराणा दुकान होतं. त्या साली अंगाचा साबण लाकडी पेट्यांऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून यायला लागला, आणि त्याच श्रावणात त्याच्या घरात हा किळसवाणा प्रकार घडला.

हैबतरावाचं पोरगं भैरू सव्वा वर्षाचं होतं. दळणकांडण निघालं की त्याची आजी तुळजाबाई जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला बांधून त्याला खांबाशी अडकवून ठेवी. घरोघर तेच चाले. पण भैरूच्या आईला, रंभाबाईला, ते बघवत नसे. पोर आपल्याच मुतात बसे, भिंतीचे पोपडे उकरून खाई, तोंडावर माश्या बसत.

एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "आवो, चार रिकामी खोकी द्या. साबणाचीच. उंदराच्या औषधाचं न्हाईतर फवारणीचं नगं."

"घे की. न्हाईतरी चुलीतच जायची हायेत."

तिनं पकडीनं खोक्यांच्या पिना उपटल्या आणि सगळ्या वेचून टाकल्या. दोन खोक्यांचे तळ फाडून ती एकमेकांत सरकवली, बोगदा झाला. दोन्ही तोंडं उघडी, आणि कुठूनही हात घातला तर पोर हाताला लागेल एवढाच लांब. तिसरं पालथं घालून त्याला दार आणि समोरासमोर खिडक्या कापल्या. चौथ्याची एक बाजू खाली उतरवून मोटार केली. कापलेल्या कडा आत दुमडल्या.

"मोटारीला दिवं म्हनून गुंड्या लाव की," तुळजाबाई म्हणाली.

"गिळंल, आत्याबाई. कोळशानं काढते."

भैरू बोगद्यातून रांगत सुटला. समोरच्या तोंडाशी आई दिसली की खिदळे. तुळजाबाईनं मात्र बजावलं, "तुजी हौस बघू आता. पोराला कायबी झालं तर पट्टी पुन्यांदा कमरेला. मग त्वांड उघडायचं न्हाई."

रंभाबाईनं मान हलवली. ती जवळ असल्याशिवाय पोराला आत सोडत नसे.

बोलायला कडक असली तरी म्हातारीचा नातवावर जीव होता. सून नदीवर धुणं घेऊन गेली तशी तुळजाबाईनं घमेलंभर शेण कालवून ते खोक्याचं घर आणि बोगदा आतून-बाहेरून सारवून काढला. नातवाचं घर, आणि बिनसारवलेलं?

रंभाबाई परतली ती नाकाला पदर लावूनच. "आत्याबाई, ही काय भित हाय व्हय? पुठ्ठा हाय! फेकून देते."

"खबरदार! माज्या हातचं सारवान फेकतीस? वाळंल."

मुळशीकडच्या श्रावणात काय वाळणार? खोकी पडवीत पडून राहिली. पुठ्ठा फुगला, पापुद्रे सुटले, हिरवी बुरशी धरली. माश्यांनी तिथंच अंडी घातली.

एका दुपारी रंभाबाई जात्यावर होती. भैरू रडत होता म्हणून म्हातारीनं बोगदा ओढून पुढं घेतला. वरून सुकल्यासारखा दिसत होता. पोर आत शिरलं आणि मधोमध छप्पर बदकन त्याच्या अंगावर बसलं.

तुळजाबाईनं पालथं पडून आत हात घातला. हात कोपरापर्यंत त्या लगद्यात रुतला. बांगड्यांमधून पांढऱ्या अळ्या वळवळत मनगटावर आल्या, केसांतही दोन पडल्या. सडक्या शेणाची वाफ नाकात गेली. पोर हाताला लागलं, पण निघेना.

"रंभेऽऽ!"

रंभाबाईनं ओढाओढ केली नाही. ओला पुठ्ठा वरूनच उभा टरकावला आणि पोराला उचललं. त्याच्या गालात ओल्या पुठ्ठ्याचा बोळा होता. वाकडं बोट घालून तिनं तो काढला. त्यातही एक अळी होती. भैरूनं भोकाड पसरलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

म्हातारी मोरीपाशी बसून भडाभडा ओकली. रंभाबाईनं पोराला न्हाऊ घातलं. आता आत्याबाई पट्टी बांधतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

हैबतराव दुकानातून धावत आला. "आये, काय झालं? बांधू का त्याला?"

"बांधतोस कुनाला, मुडद्या? आधी ही घान पेटवून दे," तुळजाबाई तोंड पुसत म्हणाली. "आन कोरडी खोकी आन. नवी."

"सारवायला?"

"शेनाचं नाव काडशील तर आता तुज्याच अंगावर ओकंन!"

त्यानंतर खोकं घरात आलं की तीच आधी आत तोंड घालून वास घेई. दमट लागलं की थेट चुलीत.

तुळजाबाई पुढं आठ वर्षं जगली. भाताच्या खाचरातून येताना पडली आणि अंथरुणाला खिळली, ती गेलीच. हैबतरावानं म्हातारपणी दुकान भाच्याला दिलं आणि भजनात रमला. भैरूनं घोटावड्याला गिरणी टाकली. आजीचं सारवण त्याला अजिबात आठवत नाही. रंभाबाई त्याच्याकडेच असते. आता फरशी पुसायला बाई येते, आणि फिनेलचा वास आला की रंभाबाई म्हणते, बरा बाई, हाच बरा.