बागानचे साडेसहा

दीपशिखा हजारिकाचा राजीनामा माझ्याकडे आला तो सोमवारी सकाळी. सदानंद हेगडे सरांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वनमाला, रात्रीची मीटिंग तिला झेपत नाही. सगळ्यांना जमेल असा अर्धा तास जगभरातनं शोधायचाय फक्त. सापडत नसेल तर हा मी शुक्रवारी मंजूर करतो."

फक्त म्हणे! आमची टीम नदीच्या पाण्याची पातळी वाढली की गावांना आधी सावध करणारं सॉफ्टवेअर बनवते. आम्ही बंगळुरूला, दीपशिखा आसामात जोरहाटजवळ, याद्विगा पोलंडच्या क्राकूवला, कायो साओ पाउलोला आणि वेंडेल सिएटलला. मंगळवार-गुरुवारची मीटिंग रात्री साडेनऊला असायची, कारण तेव्हा वेंडेलचे सकाळचे नऊ वाजतात आणि त्याची सोय तेवढी सगळ्यांना पाठ होती. चार वर्षांची पोर कडेवर घेऊन बोलणाऱ्या दीपशिखाची सोय कुणी विचारलीच नव्हती. मीही नाही, हे कबूल करते. ब्रह्मपुत्रा ओळखणारी आमच्यात ती एकटीच, आणि तीच चालली होती.

मी तक्ता केला. प्रत्येकानं आपापल्या घड्याळाप्रमाणे जमणारे तास भरायचे, बाकी जुळवाजुळव तक्ता करणार. दीपशिखानं लिहिलं, संध्याकाळी सातपर्यंत. वेंडेलनं कुरकुरत पहाटे साडेपाचपासून लिहिलं. त्याचे साडेपाच म्हणजे जूनमध्ये आपले संध्याकाळचे सहा. क्राकूवला दुपारचे अडीच, साओ पाउलोला सकाळचे साडेनऊ. सहा ते साडेसहा, सगळ्यांना जमणारी चक्क हिरवी चौकट! मी सरांना तोऱ्यात कळवलं आणि सगळ्यांना निमंत्रणं धाडली.

पाचच मिनिटांत दीपशिखाचा फोन आला. ती मला मोठ्या बहिणीसारखं बायदेव म्हणते.

"बायदेव, सहा म्हणजे माझे सात."

"अगं, तू भारतातच आहेस ना?"

"भारतात आहे, पण चहाच्या बागानात आहे. इथलं घड्याळ तासभर पुढं असतं. इंग्रजांच्या वेळेपासून. तक्ता मी घरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून भरला. चूक माझीच."

तिचा नवरा बागानच्या कारखान्यात. हंगामात भोंगा वाजला की बागानच्या सातला तो रात्रपाळीला जातो. नंतर पोर आणि ती, दोघीच. बागानचे सात म्हणजे आपले सहा. माझी हिरवी चौकट जिथं सुरू होत होती तिथंच तिचा दिवस संपत होता.

एवढी वर्षं मी सात समुद्रांपलीकडली घड्याळं जुळवत आले, आणि आपल्याच देशातलं एक मला ठाऊक नव्हतं. शरमेनं कान तापले. मी सगळ्यांना खरं काय ते लिहिलं: चौकट मोडली, अर्धा तास अलीकडे यायला हवं, बाकीच्यांचं जमतं, पण वेंडेलला पहाटे आणखी लवकर उठावं लागेल. नको म्हणाला असता तर त्याला दोष देता आला नसता. मग त्याची एक ओळ आली. 'बागानचं घड्याळ मला आवडलं. मी पाचला बसतो.'

गुरुवारी साडेपाचला सगळे पडद्यावर आले. वेंडेल कांबळ पांघरून, मागे खिडकीत करडं आकाश. दीपशिखाच्या मागच्या खिडकीत चहाच्या रांगांवर पिवळं ऊन उतरलेलं. ती पाण्याचे आकडे सांगत होती. दहा-बारा मिनिटं झाली असतील. वेंडेलच्या खिडकीत डोंगरांमागून लाल कड वर आली आणि त्याचा अर्धा चेहरा उजळला. त्यानं मागं वळून पाहिलं. दीपशिखा बोलायची थांबली, तिनंही वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं. तिच्या सूर्याला बुडायला अजून अर्धा तास होता.

"तोच आहे ना हा?" ती हळूच म्हणाली.

तोच होता. तिच्याकडे मावळायला निघालेला, त्याच्याकडे आत्ताच उगवलेला. याद्विगानं खिडकी उघडून भर दुपारचं ऊन दाखवलं. कायो कॉफीचा कप घेऊन गच्चीत गेला. मी उठून पडदा सारला, तर माझ्या टेबलावरही ऊन. पाचही जण एका वेळी एकाच उजेडात होतो, पृथ्वीच्या जवळजवळ दोन टोकांपर्यंत. तक्त्यात मी घड्याळं जुळवत होते, आणि हा एवढा मोठा प्रकार त्या अर्ध्या तासात दडून बसला होता. माझ्या अंगावर काटा आला. सरसुद्धा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

मग मला माझं काम आठवलं. मी सांगितलं की हे फार टिकायचं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सिएटलची घड्याळं तासभर मागं जातील, म्हणजे वेंडेलला पहाटे चारला उठावं लागेल, आणि तसं उठायला मी त्याला सांगणार नाही.

दीपशिखानं पोरीला मांडीवर घेतलं.

"नोव्हेंबरात कारखान्याचं काम उतरतं, रात्रपाळी संपते. तेव्हा तासभर मी सरकेन," ती म्हणाली. "बायदेव, ते पत्र सरांकडून परत घे."

सरांनी माझ्या मागूनच हात लांबवला, टेबलावरचा राजीनामा उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरून फाडला.