मालकाचं उत्तर

वहिनी टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्या भरत होती, तेव्हा फोन वाजला आणि रेस्टॉरंटच्या पानावर नवं परीक्षण दिसलं. एकच तारा. खाली एका आईने लिहिलं होतं:

‘सुपात शेंगदाणे नाहीत ना, हे आम्ही आधीच विचारलं होतं. वाढणाऱ्या बाईंनी हसून “अजिबात नाही” असं सांगितलं. थोडंसं सूप प्यायल्यावर माझ्या मुलीचे ओठ सुजले आणि तिला श्वास घेता येईना. इंजेक्शन जवळ होतं म्हणून ती वाचली. आज ती हॉस्पिटलात आहे. इथे चुकूनही जाऊ नका.’

वहिनीने परीक्षण पुन्हा वाचलं. ते कुटुंब तिला चांगलं आठवत होतं. बाप मुलीला उचलून धावत दाराबाहेर गेला होता, आणि वहिनीला वाटलं होतं, पोरीला उलटी झाली असेल.

वाढायचं काम नणंद करायची. वहिनीने तिला बाजूला घेतलं.

“वन्सं, त्या लोकांना काय सांगितलंत?”

“शेंगदाणे नाहीत म्हणून सांगितलं. वहिनी, आपलं सूप भोपळ्याचं! त्यात कशाला असतील शेंगदाणे?”

“आत विचारलंत?”

नणंदेने मान खाली घातली. रविवारची गर्दी, हातात चार ताटं. विचारलं नव्हतं.

तेवढ्यात नवरा भाजीच्या पिशव्या घेऊन आला. स्वयंपाकघर त्याचं होतं, लोक त्याला शेफ म्हणायचे. त्याने परीक्षण वाटेतच वाचलं होतं, आणि उत्तरही ठोकून दिलं होतं. त्याने छाती फुगवून फोन पुढे केला.

‘आमच्याकडे शेंगदाणे वापरतच नाहीत. हे आमच्यावर जळणाऱ्यांचं काम आहे. खोटं पसरवाल तर कोर्टात खेचू.’

“अहो, त्यांची मुलगी हॉस्पिटलात आहे!”

“असं त्या म्हणतात. गप्प बसलो तर लोक खरं मानतील.”

झालं उलटंच. त्या उत्तराचा फोटो कुणीतरी गल्लीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत ठरलेली टेबलं एकेक करून रद्द झाली. कारण कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नुसते पंखे फिरत होते, आणि नणंद स्वच्छ टेबलंच पुन्हा पुसत होती. बारा वर्षं पोटाला चिमटा काढून उभं केलेलं हे रेस्टॉरंट असं डोळ्यांदेखत बसताना बघून वहिनीला आतून भडभडून येत होतं.

आणि मग एक फोन आला. टेबल हवं होतं! आवाज एका बाईचा, जरा संकोचलेला.

“तुमचं उत्तर वाचलं म्हणून फोन केला. तुमच्याकडे शेंगदाणे मुळीच नसतात ना? माझ्या मुलाला तोच त्रास आहे, त्याला कुठे नेताच येत नाही. शनिवारी त्याचा वाढदिवस आहे.”

“या ना, जरूर या,” वहिनी म्हणाली आणि जवळजवळ पळतच आत गेली. “अहो, ऐकलंत का! तुमच्या उत्तरामुळे एक टेबल आलं. त्यांच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, म्हणून मुद्दाम आपल्याकडे येतायत.”

नवऱ्याच्या हातातली सुरी थांबली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय झालं?”

 खाली वाकून त्याने ओट्याखालच्या फळीवरून एक बरणी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. शेंगदाण्याची पेस्ट होती. निम्मी संपलेली.

“सुपातलं क्रीम दरवेळी फुटत होतं,” तो कसाबसा म्हणाला. “महिन्याभरापासून सुपात एक चमचा घालतोय. दाटपणा छान येतो. कुणाला सांगितलं नाही. काल परीक्षण वाचलं तेव्हाच कळलं होतं, पण...”

“पण तरी लिहिलंत, वापरत नाही म्हणून.”

“घाबरलो गं.”

वहिनीने बरणी बाजूला सारली. डोळ्यांसमोर तो न पाहिलेला मुलगा आला, समोर केक, हातात सुपाचा चमचा. ती बाहेर गेली आणि त्याच नंबरवर फोन लावला.

“ताई, मघाशी मी चुकीचं सांगितलं. आमच्या सुपात शेंगदाणे होते. ते उत्तर खोटं आहे. शनिवारी मुलाला इथे आणू नका.”

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

नवरा दारात उभा होता. “आता हेच तिथे लिहिणार? मग उद्यापासून कुलूप लावू या. वकील तर म्हणेल, काही कबूलच करू नका.”

“ते उत्तर अजून तिथेच आहे. ते वाचून आणखी कुणी पोराला घेऊन आलं तर?”

नणंद रडत मध्ये पडली. “वहिनी, माझ्यावर ढकला. वाढणाऱ्या बाईला काढून टाकलं, असं लिहा. मी घरी बसते.”

“वन्सं, त्या आईची माफी मागायचीच आहे. पण उत्तर वाचणार ते उद्या येणारे लोक. तुम्हाला काढलं म्हणून त्यांचं सूप सुरक्षित होणार आहे का? आपण विचारलं तर इथे खरं सांगतील का, एवढंच त्यांना बघायचं असतं.”

“पटलं. मग लिही लवकर,” नवरा म्हणाला.

“आधी कामं करू. न केलेलं लिहिलं तर ते दुसरं खोटं.”

त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं. बरणी गेली, मिक्सरचं भांडं आणि भाजी चिरायचे लाकडी पाट टाकून दिले, कपाटं रिकामी करून घासली. प्रत्येक पदार्थात काय काय पडतं, हे नवऱ्याने सांगितलं आणि नणंदेने मोठ्या अक्षरात लिहून काउंटरवर लावलं. मग वहिनी फोन घेऊन बसली. पहिल्या खर्ड्यात ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास’ असं आलं, ते तिने खोडलं. भावनांचा प्रश्नच नव्हता, पोरीचा श्वास अडकला होता. दुसऱ्यात बारा वर्षांच्या कष्टांची कहाणी आली. तीही खोडली. शेवटी नवऱ्याचं उत्तर काढून तिने हे टाकलं:

‘तुमचं म्हणणं खरं आहे. सुपात शेंगदाण्याची पेस्ट होती, आणि आम्ही आत न विचारता “नाही” सांगितलं. तुमची आणि तुमच्या मुलीची मनापासून माफी मागते. इथे आधी दिलेलं उत्तर खोटं होतं, ते काढलं आहे. शेंगदाणे आता आमच्या स्वयंपाकघरात येत नाहीत. प्रत्येक पदार्थातले घटक काउंटरवर लावले आहेत, आणि ॲलर्जीबद्दल विचारलंत तर उत्तर स्वतः शेफ बाहेर येऊन देतील. बदाम आणि तीळ मात्र आम्ही वापरतो, तेही त्याच ओट्यावर. त्यांचा त्रास असेल तर कृपया आमच्याकडे जेवू नका. तुमच्याशी बोलायची इच्छा आहे. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा रेस्टॉरंटच्या नंबरवर फोन करा, मीच उचलेन. — मालकीण’

पुढचे दिवस फार वाईट गेले. ‘आता कबूल केलंत होय!’ असं लोकांनी ग्रुपवर लिहिलं. फोन वाजला की वहिनी धावत उचलायची, पण तो पाववाल्याचा असायचा. नवरा जेवत नव्हता. एकदा तो भरल्या ताटावरून उठून म्हणाला, “विकून टाकू या.” वहिनीच्याही मनात तेच होतं.

मग त्या परीक्षणात दोन वाक्यांची भर पडली. तारा एकच राहिला. ‘मुलगी घरी आली आहे. मालकिणीशी बोलणं झालं.’ बोलणं म्हणजे काय, तर ती आई फोनवर मनसोक्त चिडली होती आणि वहिनीने शेवटपर्यंत निमूट ऐकून घेतलं होतं.

त्याच आठवड्यात एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी चष्मा चढवून काउंटरवरचा कागद सावकाश वाचला.

“हिला तिळाचं वावडं आहे,” ते म्हणाले. “तुमचं उत्तर वाचलंय आम्ही. तरी विचारतो, हिला इथे काय चालेल?”

 नणंदेने आत हाक मारली, “दादा, बाहेर ये.”

नवरा हात पुसत आला.  “खरं सांगायचं तर आजींना इथलं काहीच देऊ नये. तीळ त्याच ओट्यावर असतात.”

आजोबांनी बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसली.

“मग हिला काही नको,” आजोबा खुर्ची ओढत म्हणाले. “मी जेवतो. आणि नातवंडं शनिवारी येतायत, त्यांना सगळं चालतं. त्यांच्यासाठी टेबल ठेवा.”

वहिनीने पेन उचललं. ‘शनिवार’ लिहून तिने विचारलं, “किती जण?”